घड्याळ घडवलं कुणी?

आमच्या आजोबांचं एक खिशातलं घड्याळ आहे. साखळीचं, चावीचं, पाठीवर गोल झाकण असलेलं. ते गेली कित्येक वर्षं कपाटात कापडात गुंडाळून पडलं होतं आणि बंद होतं. ते दुरुस्तीला न्यायचं हे घरात दर दिवाळीला ठरतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत विसरलं जातं. यंदा मात्र ते खरंच घड्याळजीकडे पोहोचलं, आणि त्याला कारण झाला एक चित्रपट. त्याहीपेक्षा, माझ्या भाचीचा एक प्रश्न.

चित्रपटाचं नाव ‘समव्हेअर इन टाइम’, साल १९८०. सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह यात रिचर्ड नावाचा नाटककार आहे. १९७२ साली कॉलेजात त्याच्या पहिल्या नाटकाचा प्रयोग होतो, गर्दीतून एक अनोळखी वृद्ध बाई पुढे येते, त्याच्या तळहातावर एक खिशातलं घड्याळ ठेवते, माझ्याकडे परत ये असं म्हणते आणि निघून जाते. त्याच रात्री ती वारते. आठ वर्षांनी रिचर्ड एका बेटावरच्या जुन्या हॉटेलात उतरतो, तिथे भिंतीवर एका तरुण नटीचा फोटो पाहतो आणि त्या फोटोच्याच प्रेमात पडतो. चौकशी केल्यावर कळतं की ही एलिझ, आणि ती घड्याळवाली म्हातारी हीच. मग पठ्ठ्या जुन्या पद्धतीचा सूट मिळवतो, खिशात ते घड्याळ टाकतो, खोलीतल्या आजच्या वस्तू हलवतो आणि पलंगावर पडून स्वतःला संमोहित करत करत १९१२ सालात जाऊन पोहोचतो. यंत्र नाही, तारा नाहीत, धूर नाही. इतक्या कमी खर्चात कालप्रवास दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

तिथे दोघांचं जमतं. सगळं छान चाललेलं असताना रिचर्डला सुटाच्या खिशात १९७९ सालचं एक नाणं सापडतं आणि त्या नाण्यावर नजर पडताच तो खेचला जातो तो थेट १९८० मध्ये. घड्याळ मागे राहतं, एलिझकडे. ती ते साठ वर्षं जपते, म्हातारी होते आणि १९७२ साली एका नाटकाच्या प्रयोगाला जाऊन एका मुलाच्या तळहातावर ठेवते.

इथे आमच्या घरातल्या दोन स्त्रियांनी डोळे पुसले. भाची मात्र मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, “मामा, तिला घड्याळ त्यानं दिलं. त्याला तिनं दिलं. मग ते बनवलं कुणी?”

मी म्हटलं, “असेल कुठल्यातरी कंपनीनं.”

“कधी?”

या ‘कधी’ला उत्तर नाही. बोटानं त्या घड्याळाच्या मागोमाग चालून पाहा. १९१२ ते १९७२ एलिझजवळ, १९७२ ते १९८० रिचर्डजवळ, तिथून उडी मारून पुन्हा १९१२. अडुसष्ट वर्षांचा रस्ता आणि शेवटी निघालो त्याच दारात. या वाटेवर कारखाना लागत नाही, दुकान लागत नाही, पावती फाडणारा कुणी भेटत नाही. घड्याळ आहे, पण त्याचा जन्म नाही. यालाच इंग्रजीत बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स म्हणतात. बूट चढवताना ओढायला मागे जो पट्टा असतो, तोच धरून स्वतःला जमिनीवरून उचलायचं, अशी त्यामागची कल्पना. आपल्याकडच्या पंडितांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं: डोंबारी कितीही तरबेज असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. न्यायशास्त्रात या घोटाळ्याला नावंही आहेत. एखादी गोष्ट स्वतःच्याच आधारावर उभी असेल तर तो आत्माश्रय, दोन गोष्टी एकमेकींच्या आधारावर उभ्या असतील तर अन्योन्याश्रय, आणि तीन-चार जणींनी फेर धरला तर चक्रक. भाचीला मी ही नावं सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे नाव ठेवलं की प्रश्न सुटला का?”

नाही सुटला. उलट दुसऱ्या दिवशी मी आजोबांचं घड्याळ घेऊन घड्याळजीकडे गेलो तेव्हा तो वाढला.

घड्याळजी वयस्क गृहस्थ. काचेच्या पेटीमागे बसून, डोळ्याला भिंग लावून, त्यांनी पाठीवरचं झाकण पातळ पात्यानं उचकटलं आणि आत बघत म्हणाले, “तेल वाळलंय. स्प्रिंग थकलीय. एक दगड फुटलाय.” दगड म्हणजे आतली ती माणकाएवढी लाल खडी, जिच्यात चाकाच्या दांडीचं टोक फिरतं. “वापरलं तर झिजतं,” ते पुढे म्हणाले, “आणि नाही वापरलं तर तेल वाळतं. घड्याळाला दोन्ही बाजूंनी मरण.”

हे ऐकताना मला एलिझच्या घड्याळाची काळजी लागली. समजा, १९७२ साली म्हातारीनं ते रिचर्डच्या हातावर ठेवलं तेव्हा त्याच्या झाकणावर दहा ओरखडे होते. रिचर्डनं आठ वर्षं वापरून त्यात एकाची भर घातली. म्हणजे १९१२ साली ते पोहोचलं अकरा ओरखड्यांसकट. मग एलिझकडे साठ वर्षं. ती जपणारी बाई, तरी साठ वर्षांत पाच ओरखडे धरू. म्हणजे १९७२ च्या त्या संध्याकाळी घड्याळावर सोळा ओरखडे. पण ती संध्याकाळ एकच आहे आणि घड्याळही एकच. मग दहा की सोळा?

इथे बहुतेक जण, सुरुवातीला मीही, एक चूक करतात. आपण म्हणतो, “पहिल्या फेरीत दहा, दुसऱ्या फेरीत सोळा, तिसऱ्यात बावीस.” पण फेऱ्या नाहीतच. १९१२ साल एकदाच येऊन गेलं, १९७२ एकदाच. घड्याळ गोल गोल फिरत नाही. त्याचं आयुष्यच गोल आहे. बांगडीला टोक नसतं म्हणून तिला आपण कंटाळलेली म्हणत नाही, तसंच. तेव्हा जमा-खर्च एकाच मार्गानं जुळतो: अडुसष्ट वर्षांत पडणारा प्रत्येक ओरखडा त्याच अडुसष्ट वर्षांत पुसलाही गेला पाहिजे. स्प्रिंग थकली तर ती पुन्हा अगदी तेवढीच ताजी झाली पाहिजे. १९१२ मध्ये उतरलेलं घड्याळ आणि साठ अधिक आठ वर्षांनी पुन्हा उडीला उभं राहिलेलं घड्याळ, यांत पितळेच्या एका कणाचाही फरक चालणार नाही.

हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञांनीही मांडला आहे, आणि तोही चेष्टेत नव्हे. लोसेव्ह आणि इगोर नोव्हिकोव्ह या दोघांनी १९९२ साली अशा जन्म नसलेल्या वस्तूंवर शोधनिबंध लिहिला आणि त्यांना नाव दिलं ‘जिन’. अरबी गोष्टींतला दिव्यातला जिन, कुठून आला ते विचारायचं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भौतिकशास्त्राचे नियम अशा वस्तूला साफ मनाई करत नाहीत, पण झिजणारी वस्तू जिन व्हायची असेल तर तिला वाटेत कुणीतरी बाहेरून ऊर्जा खर्च करून पूर्ववत करून द्यावं लागेल. म्हणजे घड्याळजी हवाच. फक्त तो इतका बेमालूम हवा की त्याच्या हातून घड्याळ निव्वळ दुरुस्त होऊन भागणार नाही, ते अडुसष्ट वर्षांपूर्वी होतं तसंच्या तसं झालं पाहिजे. तबकडी बदलली, काटे बदलले, चाकं बदलली, केसही बदलली, तर मग ते घड्याळ त्या घड्याळजीनंच घडवलं असं म्हणायला काय हरकत आहे? हरकत एकच. त्यानं ते कशाकडे बघून घडवलं? त्याच घड्याळाकडे बघून. वस्तूला बाप मिळाला, पण नमुना पोरकाच राहिला. नोव्हिकोव्ह मंडळींनी यालाही जिनच म्हटलं आहे, दुसऱ्या जातीचा: वस्तू नाही, नुसती माहिती गोल फिरते.

गंमत म्हणजे ही पळवाट एका कथाकाराला पन्नास वर्षं आधीच सापडली होती. रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘बाय हिज बूटस्ट्रॅप्स’ ही कथा ऑक्टोबर १९४१ मध्ये एका अमेरिकी विज्ञानकथा मासिकात टोपणनावानं छापून आली, आणि या विरोधाभासाचं नाव तिच्यावरूनच रूढ झालं. तिचा नायक दूरच्या भविष्यात जाऊन पडतो. तिथली भाषा शिकायला त्याला एक वही उपयोगी पडते, तिच्यात शब्द आणि त्यांचे अर्थ लिहिलेले असतात. वर्षानुवर्षं हाताळून वही जीर्ण होते तेव्हा तो आपल्या काळातून आणलेल्या कोऱ्या वहीत सगळं उतरवून घेतो. पुढे त्याच्या लक्षात येतं की ही नवी वही आणि पूर्वी हाती लागलेली ती वही एकच. बघा, किती हुशारीनं झीज टाळली. कागदाला कारखाना आहे, शाईला दुकान आहे, जुनी वही आपल्या मरणानं मरते. फक्त शब्दार्थ गोळा करायचे कष्ट कुणीच घेतलेले नाहीत. मी शाळेत असताना आमच्या वर्गात भूगोलाची एक वही अशीच सगळ्यांकडे फिरायची. मूळ कुणी लिहिली ते कधीच कळलं नाही, पण तिच्यातल्या चुका मात्र सगळ्यांच्या उत्तरपत्रिकांत सापडायच्या.

चित्रपट बघताना जिन ओळखायचा म्हणजे एवढंच करायचं. कथा सोडून द्यायची, पात्रांना रडू द्यायचं, आणि एक वस्तू धरून तिच्या मागोमाग चालायचं. ती कुठेतरी जन्मली असेल तर जिन नाही. याच चित्रपटात त्याचा उत्तम नमुना आहे. १९१२ मध्ये रिचर्ड एलिझजवळ एक धून गुणगुणतो. तिनं ती कधी ऐकलेली नसते. पुढे तीच तिची आवडती धून होते, तिच्याजवळच्या संगीतपेटीतही तीच वाजते. ऐकून वाटतं की हीही घड्याळाचीच बहीण. पण नाही. ती रखमानिनोव्ह या रशियन संगीतकाराच्या १९३४ सालच्या रचनेतली आहे. त्यानं ती आपली बसून रचली, रिचर्डनं ती विसाव्या शतकातल्या कुणाही रसिकासारखी ऐकली आणि मागे नेली. धून बावीस वर्षं आधी पोहोचली खरी, पण तिला बाप आहे. एलिझनं ती रखमानिनोव्हला जाऊन ऐकवली असती, तर मात्र पंचाईत होती.

ती पंचाईत ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) नं विनोदासाठी मुद्दाम केली आहे. त्यातला मुलगा १९५५ मध्ये जाऊन ‘जॉनी बी. गूड’ वाजवतो आणि स्टेजवरचा एक वादक आपल्या चुलतभावाला, म्हणजे चक बेरीला, फोन लावून ते ऐकवतो. ते गाणं बेरीनं १९५८ मध्ये आणलं होतं. अर्थात त्या चित्रपटात इतिहास बदलता येतो, त्यामुळे त्याचा हिशेब इतका काटेकोर धरता येत नाही. ती दुसरी जात. आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मध्ये प्राध्यापक महाशय मराठे पानिपत जिंकले आहेत अशा जगात जाऊन पडतात. तिथेही वर्तुळ नाही, फाटा आहे. फाटा फुटणाऱ्या गोष्टीत जिन शोधू नये, सापडला तरी तो लगेच पळतो.

आता या घड्याळाचा एक सख्खा भाऊ आहे, आणि लोक दोघांत हमखास गल्लत करतात. त्यात वस्तू फिरत नाही, घटना फिरते. जे टाळायला किंवा समजून घ्यायला माणूस मागे जातो, ते त्याच्या जाण्यामुळेच घडलेलं असतं. याला प्रीडेस्टिनेशन पॅराडॉक्स म्हणतात, आपण विधिलिखिताचा फेरा म्हणू. ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा. शेवट सांगितल्याबद्दल मी शिव्या खाल्लेल्या आहेत. त्यात कोल नावाच्या कैद्याला एका साथीचा माग काढायला भविष्यातून मागे पाठवतात. लहानपणापासून त्याला एक स्वप्न पडतं: विमानतळ, धावणारा माणूस, गोळीचा आवाज, एक बाई. शेवटी विमानतळावर धावताना गोळी लागते ती कोललाच, आणि गर्दीत उभा राहून ते पाहणारा लहान मुलगाही कोलच. त्यानं आयुष्यभर स्वतःचं मरण आठवत काढलं. याचं बीज क्रिस मार्कर यांच्या ‘ला जेते’ (१९६२) या अठ्ठावीस मिनिटांच्या फ्रेंच चित्रपटात आहे, जो जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. कंसानं वरातीच्या रथात आकाशवाणी ऐकली आणि देवकीला कैद केलं. कैद केलं म्हणून कृष्ण रातोरात गोकुळात गेला, दूध-लोण्यावर वाढला, आणि मामाच्या नजरेआड एवढा मोठा झाला की मामाच्या छातीवर बसू शकला. आई-बापाला बेड्या घातल्या नसत्या तर भाच्याला मामाचा एवढा राग यायला कारण तरी काय होतं? कंसानं त्या दिवशी कानात बोटं घातली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी लहानपणी कीर्तनात विचारला होता. बुवांनी तो पुढच्या दिवशी घेऊ म्हणून सांगितलं, आणि पुढच्या दिवशी काला होता.

पण नीट पाहिलं तर या फेऱ्यात घड्याळासारखं अनाथ काहीच नाही. कोलला त्याच्या आई-बापांनी जन्म दिला, बंदूक कारखान्यात झाली, गोळी झाडणारा पगारी माणूस होता. प्रत्येक घटनेला तिच्या आधीचं कारण आहे. फक्त एक कारण भविष्यातून आलं आहे. मग याला विरोधाभास तरी का म्हणायचं? विरोध असतो तो आजोबांच्या गोष्टीत: मागे जाऊन तरुण आजोबांना मारलं तर मारणारा जन्मलाच कसा? तिथे ‘हो’ आणि ‘नाही’ एकाच वेळी खरं व्हावं लागतं. कोलच्या गोष्टीत सगळं एकदाच घडतं आणि जुळतं. अंगावर काटा येतो तो वेगळ्याच कारणानं, त्याला दुसरं काही करता आलं नसतं का, म्हणून.

अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९७६ च्या एका निबंधात याचं जे उत्तर दिलं ते मला अजून पटतं. त्यांचा टिम नावाचा माणूस आजोबांना मारायला मागे जातो. बंदूक चांगली, नेम चांगला, आजोबा समोर. त्याला मारता येतं का? येतं, त्याच्या हातात सगळं आहे. पण तो मारत नाही, कारण आजोबा जगले हे आधीच झालेलं आहे. कुणी अदृश्य शक्ती त्याचा हात धरत नाही. ऐन वेळी आवाज होतो, नेम चुकतो, धीर सुटतो. अगदी रोजच्यासारखं काहीतरी. पुढे निकोलस स्मिथ या तत्त्वज्ञानं १९९७ मध्ये एका निबंधाच्या शीर्षकातच विचारलं की कालप्रवासाला पुरतील एवढी केळी आहेत का, म्हणजे खुनाला निघालेले प्रवासी दर वेळी नेमके सालीवरून घसरायला.

लुइस यांनी घड्याळाच्या जातीच्या वर्तुळांनाही परवानगी दिली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते म्हणतात, संपूर्ण वर्तुळ कुठून आलं याला उत्तर नाही, मान्य. पण विश्वाच्या आरंभाला तरी कुठे आहे? हे वाचून भाची खूश झाली. मी झालो नाही. विश्वाचं मला माहीत नाही, ते माझ्या आधीपासून आहे. पण घड्याळ ही गोष्ट मला माहीत आहे. तिच्यात दात कोरलेली चाकं असतात, आणि दात कुणीतरी कोरावे लागतात. म्हणून माझा निकाल असा: विधिलिखिताचा फेरा मला चालतो, फिरती वहीही ओढूनताणून चालवून घेतो, पण एलिझचं घड्याळ ही थाप आहे. सुंदर थाप, बघताना डोळे भरतात, तरी थापच.

आठवड्यानं मी घड्याळ आणायला गेलो. घड्याळजींनी झाकण उघडून भिंग माझ्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, नखानं ओढल्यासारख्या बारीक अक्षरांत, तीन खुणा होत्या. आधीच्या कारागिरांनी काम केलं की तारीख आणि आपली खूण अशी कोरून ठेवायची रीत आहे, असं ते म्हणाले. एकीवर १९३८ वाचता येत होतं, दुसरीवर १९५६, तिसरी पुसट होती. खाली चौथी, ताजी, चकचकीत.

“पुढच्याला कळावं, आपण काय केलं होतं ते,” ते म्हणाले.

मी घरी येऊन भाचीला तेच झाकण उघडून दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “म्हणजे एलिझचं घड्याळ असं उघडलं असतं तर आत काहीच कोरलेलं नसतं?”

असतं तरी पंचाईत होती. १९५० साली कुणी खूण कोरली, तर ती १९७२ मध्ये रिचर्डकडे गेली, तिथून १९१२ मध्ये, आणि १९५० साली तो कारागीर झाकण उघडतो तेव्हा त्याची खूण आधीच तिथे असते, जी त्यानं अजून कोरलेली नाही. “मग तो काय करेल?” असं तिनं विचारलं. मला वाटतं, झाकण लावून ठेवेल आणि गिऱ्हाइकाला सांगेल की सुटा भाग मिळत नाही.

दुरुस्तीचे साडेसातशे रुपये झाले. आजोबांचं घड्याळ आता चालतं. रोज चार मिनिटं मागे पडतं.